मदत हवी आहे: एसरॅममध्ये शेजारच्या पत्त्यावरचा डेटा बिघडतोय

नमस्कार मंडळी. एफपीजीएला IS61LV25616AL-10 ही एसरॅम जोडली आहे, क्लॉक 50 मेगाहर्ट्झ. वाचन व्यवस्थित चालतं. लिहिताना मात्र अधूनमधून भलत्याच पत्त्यावरचा शब्द बदलतो, आणि नव्याने कंपाइल केलं की बिघडणारे पत्तेही बदलतात!

मी `we_n` एक क्लॉक, म्हणजे 20 नॅनोसेकंद, खाली ठेवतो. डेटाशीटला 8 पुरतात, त्यामुळे पल्स कमी पडत नसावी. पण पुढच्या एकाच कडेला `we_n` वर जातो आणि पत्ताही बदलतो. पत्त्याचा होल्ड टाइम किमान 0 दिलाय, तेव्हा मी निर्धास्त होतो. आता वाटतं, 0 म्हणजे पत्ता आधी बदलून अजिबात चालणार नाही. आणि `we_n` पिनवर नॅनोसेकंदभर उशिरा पोचला तर नव्या पत्त्यावर लिहिलं जाणारच.

पत्ता व डेटा आणखी एक क्लॉक धरून ठेवले की चूक थांबते, पण वेग जातो. `we_n` फक्त क्लॉकच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पण कडेआधीच वर जाईल असा, डीडीआर आउटपुट रजिस्टरमधून कोणी काढलाय का? 10 पैकी 8 पल्सलाच लागतात. उरलेल्या 2 मध्ये भागतं का?