प्रतिसाद: सपाट रेषा आणि शॉक

> मालिकेत मॉनिटरवरची रेषा सपाट झाली की डॉक्टर शॉक देतात. प्रश्नमंजुषेत हे बरोबर धरायचं का?

नाही, चूकच धरा. शॉक हृदय 'चालू' करत नाही. तो अस्ताव्यस्त विद्युत हालचाल क्षणभर थांबवतो, म्हणजे हृदयाला आपली मूळ लय पकडायची संधी मिळते. त्यामुळे तो व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरत असताना, किंवा नाडी न लागणाऱ्या व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियात, म्हणजे ते कप्पे अतिवेगाने धडधडत असताना देतात. सपाट रेषेत थांबवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. तिथे छाती दाबत राहायचं आणि दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन द्यायचं. शिवाय रेषा सपाट दिसली की आधी लीड, म्हणजे मॉनिटरची अंगाला लावलेली वायर, सुटली नाही ना, हे बघतात. मालिकेत ते कोणीच बघत नाही!

छाती दाबण्याचा प्रसंग तपासताना मी आवाज बंद करून अभिनेत्याचे कोपर बघतो. खरं दाबताना हात ताठ असतात, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाते आणि वेग मिनिटाला १०० ते १२० असतो. पडद्यावर कोपर वाकतात, कारण खाली जिवंत माणूस झोपलेला असतो आणि खरोखर दाबलं तर त्याची बरगडी मोडू शकते. ही चूक अज्ञानातून आलेली नाही, म्हणून तिच्यावर गुण कापू नयेत असं माझं मत.

प्रश्न मात्र नेमका हवा. 'हृदय थांबल्यावर शॉक देतात का?' यात फिब्रिलेशनही येतं आणि सपाट रेषाही, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर ठरतील आणि वाद होईल. 'मॉनिटरवर सपाट रेषा असताना' असं लिहा.