मदत हवी आहे: पावसामुळे फिल्डवर्क अडकलंय, गाईडना कसं कळवू?

रानवाट: पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे, विषय घरात पिण्याचं पाणी कोण आणतं आणि त्यात किती वेळ जातो. १४ गावं, प्रत्येकी १५ घरं, म्हणजे २१० फॉर्म. आठ गावं पूर्ण झाली, नवव्यात ६ घरं झाली आणि पाऊस जो लागला तो थांबेचना, फरशी पुलावरून पाणी जातंय, पलीकडच्या पाच गावांचा रस्ता बंद, नवव्या गावाचीही एसटी बंद केलीय. माझ्याकडे १२६ फॉर्म आहेत. दोन आठवड्यांनी गाईड मॅडमना डेटा द्यायचा आहे आणि मी अजून एक शब्दही कळवलेला नाही, कारण रोज वाटतं उद्या उघडेल. मेलमध्ये काय लिहू? आणि पलीकडची गावं सोडून अलीकडचीच पाच घेतली तर चालेल का?

गारवेल: एक्स्टेंशनचा अर्ज वेगळा असतो, रजिस्ट्रेशनची मुदत संपायच्या आत द्यावा लागतो, आधी तो फॉर्म बघ.

रानवाट: नाही हो, मुदतीला अजून वेळ आहे, प्रश्न मॅडमना सांगायचा आहे.

शेवाळ_७: एवढं टेन्शन कशाला, उरलेल्यांना फोन करून विचार ना. प्रश्नावली तीच, चार दिवसांत संपेल.

कातळशिल्प: फोनने वेळ वाचेल हे खरं, पण परस्पर करू नकोस. एथिक्स कमिटीने घरी जाऊन मुलाखत मंजूर केली असेल तर पद्धत बदलायला आधी त्यांची मंजुरी लागते, संमती कशी घेणार तेही लिहून द्यावं लागतं. शिवाय फोन बहुतेक घरातल्या पुरुषाकडे असतो, आणि पाणी आणणारी बाई शेजारी बसून उत्तर देत असली तरी आकडा तोच सांगतो.

आता गावं बदलण्याबद्दल. हे अजिबात करू नकोस, निदान मॅडमना न विचारता तरी नाही. रस्ता बंद झालेली गावं सहसा आडबाजूची असतात, म्हणजे ज्यांना पाण्यासाठी लांब जावं लागतं तीच. ती काढून रस्त्यालगतची घातलीस तर सरासरी वेळ कमी येणार आणि कारण पाऊस आहे हे आकड्यात कुठेच दिसणार नाही. नऊ गावांतलीच घरं वाढवूनही भरपाई होत नाही, एका गावातल्या घरांची उत्तरं एकमेकांसारखीच येतात.

पण त्याहून मोठी गोष्ट तू लिहिलीच नाहीस. तुझ्या प्रश्नात 'गेल्या सात दिवसांत' असं आहे का?

रानवाट: हो, आहे. 'गेल्या सात दिवसांत पाणी आणायला रोज साधारण किती वेळ लागला.'

कातळशिल्प: मग बघ. आधीच्या गावांचे सात दिवस कोरडे, आणि पाऊस ओसरल्यावर विचारशील तेव्हा दारात पन्हाळीखाली हंडा भरतोय. उत्तर दहा मिनिटं येईल, पण तो गावाचा फरक नाही, हंगामाचा आहे. मॅडमना उशिरापेक्षा हे कळणं जास्त गरजेचं आहे, कारण निर्णय त्यांना घ्यायचाय. प्रत्येक फॉर्मवर मुलाखतीची तारीख आहे ना?

रानवाट: तारीख आहे. नवव्या गावातले ६ फॉर्म मात्र पाऊस सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशीचे आहेत, एका आजींनी तर सांगितलं की आज विहिरीवर गेलेच नाही, पागोळ्यांचं पाणी धरलं. मी तेव्हा तसंच टिपून ठेवलं.

कातळशिल्प: ते ६ वेगळे ठेव, पुसू नकोस.

भिजलेली_वही: माझं मातीच्या नमुन्यांचं काम होतं, पाऊस झाल्यावर ओलाव्याचे आकडे इतके बदलले की दोन बॅच एकत्र करताच आल्या नाहीत. मी सरांना महिनाभर 'चालू आहे' सांगत राहिले, त्यांनी तेवढ्यात पुढच्या कामाच्या तारखा ठरवल्या. उशिराचं काही नाही, न सांगितल्याचं त्यांना वाईट वाटलं. आजच कळव.

रानवाट: हा मसुदा, बघा कसा वाटतो:

'मॅडम, नमस्कार. अतिवृष्टीमुळे फिल्डवर्क थांबलं आहे. २१० पैकी १२६ फॉर्म झाले, ८४ बाकी आहेत. नवव्या गावात ९ घरं आणि पुलापलीकडच्या पाच गावांत ७५. आम्ही दोघं मिळून दिवसाला ८ घरं करतो, म्हणजे रस्ता उघडल्यापासून साधारण ११ दिवस लागतील. ठरलेल्या तारखेला पूर्ण डेटा देता येणार नाही. शेवटचे ६ फॉर्म पावसात घेतलेले आहेत आणि पुढचेही तसेच येतील, त्यामुळे वेळेच्या प्रश्नाची आधीच्या गावांशी थेट तुलना होणार नाही. कोरडे दिवस येईपर्यंत थांबू, की उरलेले फॉर्म आताच घेऊन, आधी झालेल्यांपैकी दोन गावांत पावसात पुन्हा विचारून फरक मोजू? तोपर्यंत १२० फॉर्मची एंट्री तपासून शुक्रवारी पाठवते. दर सोमवारी रस्त्याची स्थिती कळवीन.'

कातळशिल्प: चांगला आहे. ११ च्या जागी १३ लिही, बंद दारं निघतात, दुसऱ्यांदा जावं लागतं. आणि पुन्हा विचारायचं तर त्यालाही मंजुरी लागेल का, तेही मॅडमना विचार.

शेवाळ_७: दोन गावांनी फरक कळेल? मला कमी वाटतात.

कातळशिल्प: कमीच आहेत. निदान तीन-चार हवीत, पण पैसे आणि दिवस किती आहेत ते तिलाच माहीत.

रानवाट: १३ करून मेल पाठवला. मॅडमचा लगेच फोन आला, पावसातले ६ फॉर्म आधी बघायचेत म्हणाल्या, थांबायचं की नाही ते त्यानंतर ठरवू. स्कॅन करायला बसतेय.