पीपीएफच्या पासबुकात व्याज कमी दिसतंय, हप्त्याची तारीख बदलू का?

परळकर_७
नमस्कार. माझं पीपीएफ खातं बँकेत आहे. 1 एप्रिल 2024 ला शिल्लक 3,00,000 होती. वर्षभर दर महिन्याला 10,000 भरले, म्हणजे 1,20,000. व्याजदर 7.1 टक्के. माझ्या हिशेबाने 4,20,000 वर 29,820 व्याज यायला हवं होतं. परवा पासबुक छापून आणलं, तर 31 मार्च 2025 च्या नोंदीत फक्त 25,205 आहेत. बाकीच्या महिन्यांत व्याजाची एकही ओळ नाही. पगार 6 ला होतो, म्हणून हप्ता 7-8 तारखेला जातो. बँकेत तक्रार करावी की तारीख बदलावी? सल्ला द्या.

गिरगावचा_मंदार
5 तारखेनंतर भरलं की त्या हप्त्यावर वर्षभर व्याज मिळत नाही. म्हणूनच एवढा फटका बसलाय. 1 तारखेला भरत जा.

सुनीता_बोरिवली
आमच्या कंपनीने दोन महिने पीएफ भरलाच नव्हता, तेव्हा पासबुकात असंच झालं होतं. आधी एचआरला मेल करा.

परळकर_७
सुनीताताई, हे कंपनीचं नाही, मी स्वतः भरतो ते पीपीएफ आहे.

निवृत्त_लेजरवाला
तक्रार करू नका, 25,205 चोख बरोबर आहेत. मंदार, 5 तारखेचं तुझं खरं, पण वर्ष बुडत नाही, फक्त तो एक महिना बुडतो. 5 तारखेच्या अखेरपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यांत कमी शिल्लक असते, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. हा हिशेब दर महिन्याला होतो, पण जमा एकदाच, वर्षाअखेरीला. म्हणून पासबुकात मधे व्याजाची ओळ दिसत नाही.

परळकर, तुमचंच पासबुक घेऊ. जुन्या 3,00,000 वर पूर्ण वर्षाचे 21,300. आता हप्ते. 10,000 वर महिन्याचं व्याज साधारण 59 रुपये 17 पैसे. एप्रिलचा हप्ता 7 ला गेला, म्हणजे त्याला मेपासून 11 महिने मिळाले, मेच्या हप्त्याला 10, असं उतरत मार्चच्या हप्त्याला शून्य. सगळे मिळून 66 महिने, त्याचे 3,905. एकूण 25,205. सगळे हप्ते 5 च्या आत असते तर 78 महिने भरले असते आणि व्याज 25,915 झालं असतं. म्हणजे तारखेमुळे गेले 710. बाकीचा फरक तुम्ही सगळे पैसे पहिल्या दिवसापासून खात्यात धरले म्हणून.

परळकर_७
काका, फार छान उलगडलंत. मग 6 च्या पगाराचे पैसे पुढच्या महिन्याच्या 2 तारखेला भरू का?

निवृत्त_लेजरवाला
त्याने पीपीएफच्या व्याजात काही फरक पडणार नाही. 7 एप्रिलला भरलेत काय आणि 2 मेला भरलेत काय, व्याज मेपासूनच. तेवढे दिवस बचत खात्यात थोडं व्याज मिळेल, इतकंच. 710 हवे असतील तर एकदाच 10,000 जास्तीचे बाजूला काढा आणि एक हप्ता पुढे चाला. नीट बघा, 710 म्हणजे त्याच 10,000 वरचं वर्षाचं व्याज आहे. बचत खात्यात ते नुसते पडून असतील तर जरूर करा, कर्ज काढून नको.

गिरगावचा_मंदार
काका, मग मी 31 मार्चला एकरकमी भरतो, ते चूक का?

निवृत्त_लेजरवाला
मार्चचं व्याज त्यावर मिळत नाही, पण एप्रिलचं मिळतं. व्याजापुरतं बघितलं तर 31 मार्च आणि 5 एप्रिल सारखेच. मात्र दीड लाखाची मर्यादा आर्थिक वर्षाला आहे, त्यामुळे रक्कम कोणत्या वर्षात मोजली जाते ते बदलतं. वर्षभर थांबून शेवटी भरण्यापेक्षा त्याच वर्षाच्या 5 एप्रिलपर्यंत भरता आलं तर दीड लाखावर पूर्ण 10,650 मिळतात. 6 एप्रिलला गेलं तर 887 रुपये 50 पैसे कमी.

दादरची_वैशाली
आईचा चेक आम्ही 3 तारखेला पोस्टात दिला होता, पासबुकात नोंद 7 ची आली. पावतीवर तर 3 चाच शिक्का आहे. ही तारीख दुरुस्त करून मिळते का?

निवृत्त_लेजरवाला
पोस्टात चेक वटून पैसे सरकारी खात्यात आले, तीच जमेची तारीख धरतात. पावतीचा शिक्का चेक दिल्याचा. चेक द्यायचाच असेल तर आधीच्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात द्या आणि पासबुकातली तारीख लगेच बघा.

परळकर_७
मी आता स्टँडिंग इन्स्ट्रक्शन 3 तारखेची करतोय. 3 ला रविवार आला तर ती त्याच दिवशी जाते की सोमवारी? शाखेत दोघांनी दोन उत्तरं दिली.

दादरची_वैशाली
माझ्या बँकेत रविवारीही गेली, पण नणंदेच्या बँकेत पुढच्या कामाच्या दिवशी. तुम्ही 1 तारीखच ठेवा.