मदत हवी आहे: होल्ट पद्धतीत दोन महिन्यांचा राखीव साठा कसा काढायचा?

नमस्कार मंडळी. आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात एका ब्रेक शूची विक्री दर महिन्याला वाढतेच आहे. साधं स्मूदिंग कायम मागे पडायचं आणि माल संपायचा, म्हणून होल्टची दुहेरी पद्धत घेतली. मे अखेर पातळी 150 आणि कल 8, म्हणजे जूनचा अंदाज 158; खपले 166. अल्फा 0.5, बीटा 0.25 धरून पातळी 162, कल 9 झाला. जुलै 171, ऑगस्ट 180. माल यायला दोन महिने लागतात, तेव्हा गरज 351 जोड.

अडलंय ते राखीव साठ्यावर. एका महिन्याच्या चुकीचं प्रमाण विचलन √2 ने गुणतो, तरी कमी पडतं. कलच चुकला तर ती चूक दोन्ही महिन्यांत साठत जाते ना? मग दोन महिन्यांच्या बेरजेचीच चूक जुन्या आकड्यांवरून थेट मोजू का? 24 महिन्यांची नोंद त्याला पुरेल?