शब्दचर्चा: ‘प्रमाण विचलन’ आणि ‘प्रमाण त्रुटी’. यातली त्रुटी कोणाची?

मुठाकाठची:
भाचीच्या कॉलेजातल्या प्रकल्पाचा मराठी गोषवारा तपासून देते आहे. हिंजवडीत नोकरीला जाणाऱ्या ४०० जणांना या मुलींनी विचारलं, की घरून निघाल्यापासून ऑफिसात पोचेपर्यंत किती वेळ लागतो. गोषवाऱ्यात वाक्य आहे: ‘सरासरी वेळ ५२ ± १.२ मिनिटे.’ मी म्हटलं, अगं, वाकडहून जाणारा आणि हडपसरहून जाणारा, दोघांना एकसारखाच वेळ कसा लागेल? तर म्हणते, ‘मावशी, १.२ ही प्रमाण त्रुटी आहे. प्रमाण विचलन २४ आहे, ते आत तक्त्यात दिलंय.’ दोन्ही शब्द समोर ठेवले तरी मला फरक उमगत नाही. वाचणाऱ्याला कोणत्या आकड्यावरून काय कळतं? आणि ‘त्रुटी’ म्हणायची ती कोणाची?

पेठेतला:
त्रुटी म्हणजे उणीव. फॉर्म भरताना झालेल्या चुका असणार. कोणी तास लिहायच्या जागी मिनिटं लिहिली, कोणी रकाना रिकामा सोडला. १.२ म्हणजे तशा चुका फार नाहीत, चांगलंच आहे की.

आकडेमोड:
नाही हो, फॉर्ममधल्या चुकांचा इथे काही संबंध नाही. सगळे फॉर्म अगदी बिनचूक भरले असते तरीही १.२ आलेच असते.

आधी २४ घ्या. माणसामाणसांच्या वेळेत किती तफावत आहे, ते हा आकडा सांगतो. कोणाला २० मिनिटं लागतात, कोणाला ९०. ही तफावत पुण्याच्या रस्त्यांवर खरोखरच आहे. सर्वेक्षण झालं नसतं तरी ती असतीच.

आता १.२. समजा मुलींनी याच पद्धतीने दुसरेच ४०० जण निवडले असते, तर सरासरी नेमकी ५२ आली नसती. ५१ आली असती, कदाचित ५३.५. असे पुन्हापुन्हा नमुने घेतले तर सरासरी साधारण किती इकडेतिकडे होईल, त्याचा अंदाज म्हणजे १.२. म्हणजे २४ हे लोकांबद्दल आहे आणि १.२ हे आपण काढलेल्या सरासरीबद्दल. तुम्ही भाचीला विचारलेला प्रश्न लोकांबद्दलचा होता आणि वाक्यात आकडा होता सरासरीबद्दलचा. अडचण तिथेच झाली.

कर्वेनगरचा सुहास:
बरोबर. दोन्ही आकडे एकाच गणितातून येतात, २४ ला ४०० च्या वर्गमुळाने, म्हणजे २० ने भागलं की १.२. माणसं वाढवत नेली की दोन्ही आकडे लहान होत जातात. म्हणून नमुना मोठा घ्यावा.

आकडेमोड:
सुहास, भागाकार बरोबर आहे. पण लहान होत जातो तो फक्त १.२. चारपट, म्हणजे १,६०० जणांना विचारलं तर प्रमाण त्रुटी निम्मी, ०.६ होईल. प्रमाण विचलन २४ च्या आसपासच राहील. जास्त लोकांना विचारल्याने हडपसर काही हिंजवडीच्या जवळ येत नाही.

याचा वाचकाला थेट उपयोग आहे. अहवालात ± च्या पुढे काय दिलंय ते सांगितलं नसेल, तर त्या आकड्याला नमुन्याच्या वर्गमुळाने गुणून पाहायचं. इथे १.२ गुणिले २० म्हणजे २४. माणसांमधली तफावत म्हणून २४ मिनिटं पटतात का? पटतात. १.२ मिनिटं पटतात का? मुळीच नाही. म्हणजे ती प्रमाण त्रुटीच.

निवृत्त मास्तर:
शब्दांबद्दल थोडं सांगतो. ‘प्रमाण’ इथे प्रमाणवेळ, प्रमाणभाषा यांतलं आहे. ‘इतक्यास इतके’ हे प्रमाण वेगळं. ‘त्रुटि’चं मूळ तुटण्यात आहे, आणि संस्कृतात ते काळाच्या अगदी सूक्ष्म मापाचंही नाव आहे. दोषाची छटा आज मराठीत ठळक झाली आहे आणि तीच इथे आड येते.

इंग्रजीतही हा गोंधळ जुना आहे. एकाच ताऱ्याची जागा खगोलशास्त्रज्ञ अनेकदा मोजत. खरी जागा एकच, म्हणून प्रत्येक फरक ही मोजणाऱ्याची चूक, आणि म्हणून त्यांची भाषा ‘एरर’ची. पण खेकड्यांची किंवा माणसांची मापं घेतली तर तिथे चुकलेलं कोणीच नसतं. कार्ल पिअर्सनने १८९४ च्या लेखात ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ हा शब्द छापला तो अशाच जीवशास्त्रीय मापांच्या संदर्भात. हडपसरहून ९० मिनिटं प्रवास करणारी बाई चुकलेली नाही, ती सरासरीपासून लांब आहे. म्हणून तिच्यासाठी ‘विचलन’ योग्य. ‘त्रुटी’ फक्त आपल्या अंदाजाची.

पेठेतला:
हे पटलं. माझं वरचं म्हणणं मागे घेतो.

सिंहगड रोड:
माझं उलट झालं होतं. घर घेताना एका जाहिरातीत ‘स्टेशनपर्यंत सरासरी ३५ ± २ मिनिटे’ असं वाचलं आणि ३७ मिनिटांत पोचणार असं धरून चाललो. रोज पन्नासच्या वर जातात. म्हणजे तो २ सुद्धा यातलाच?

आकडेमोड:
असू शकेल, पण किती फेऱ्या मोजल्या ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘मला किती वेळ लागेल’ या प्रश्नाला तफावतीचा आकडा लागतो, एवढं नक्की. त्यातही नुसतं प्रमाण विचलन पुरत नाही. प्रवासाच्या वेळा एका बाजूला लांब पसरतात. ५२ मधून २४ ची दुप्पट वजा केली तर ४ मिनिटं उरतात. चार मिनिटांत हिंजवडीला कोण पोचतं? अशा ठिकाणी ‘निम्म्या लोकांना इतक्या मिनिटांच्या आत, दहातल्या एकाला इतक्यापेक्षा जास्त’ असं लिहिलेलं वाचकाच्या जास्त कामाचं.

मुठाकाठची, एक विचारू? हे ४०० जण मुलींनी गाठले कुठे?

मुठाकाठची:
चार ऑफिसांच्या गेटवर, प्रत्येक ठिकाणी १००. ऑफिसांच्या सरासऱ्या ४६, ५०, ५४ आणि ५८ आहेत.

आकडेमोड:
मग १.२ हा आकडा टिकत नाही. २४ भागिले २० हे गणित ४०० जण सुटेसुटे, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखे असतील तरच चालतं. इथे खरं तर चार ऑफिसं निवडली आहेत. एका ऑफिसातले लोक एकाच कंपनीच्या बसने येतात, एकाच वेळी सुटतात, त्यामुळे त्यांची उत्तरं एकमेकांसारखी असतात.

त्या चार सरासऱ्यांचं प्रमाण विचलन काढा, साधारण ५.२ येतं. त्याला चाराच्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागा. प्रमाण त्रुटी २.६, छापलेल्या आकड्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय फक्त चारच गट असल्यामुळे ९५ टक्के खात्रीची मर्यादा काढताना दोनाने गुणून भागत नाही, तिनाहून थोडं जास्त लागतं. म्हणजे सरासरी ५२, पण ४४ ते ६० मध्ये कुठेही असू शकेल. मुलींनी मेहनत घेतली आहे यात शंका नाही, म्हणूनच गोषवाऱ्यात हे नीट यायला हवं.

आणि जे गेटवर थांबलेच नाहीत, घाईत निघून गेले, त्यांच्याबद्दल यातला एकही आकडा काही सांगत नाही.

कर्वेनगरचा सुहास:
म्हणजे ४०० फॉर्म भरले तरी चारच उत्तरं धरायची? हे मला अजून पूर्ण पटत नाही. चारशे माणसांची माहिती वाया गेली का?

आकडेमोड:
वाया नाही गेली. २४ ची तफावत दिसली ती त्या चारशेंमुळेच. पण शहराच्या सरासरीसाठी शंभर गेटांवर चार-चार जण गाठले असते तर नमुना तेवढाच राहून जास्त कळलं असतं.

निवृत्त मास्तर:
मला ‘त्रुटी’ऐवजी ‘सरासरीचे प्रमाण विचलन’ म्हणावंसं वाटतं. गणिताने तेच आहे आणि दोष कोणालाच लागत नाही.

आकडेमोड:
मास्तर, पण मग दोन्ही ठिकाणी विचलनच आलं. घाईत वाचणारा ‘सरासरीचे’ गाळून पुढे जाईल.

मुठाकाठची:
भाचीशी बोलून वाक्य असं केलं आहे: ‘चार कार्यालयांतील ४०० जणांचा सरासरी वेळ ५२ मिनिटे. व्यक्तीव्यक्तींमधील तफावत मोठी आहे (प्रमाण विचलन २४ मिनिटे). कार्यालये चारच असल्याने सरासरीचा अंदाज ढोबळ आहे (प्रमाण त्रुटी २.६ मिनिटे).’ मधल्या ± ला काट मारली. दहातल्या एकाला किती वेळ लागतो, ते ती आज रात्री फॉर्मांवरून काढते आहे.