अनुभव धागा: कागदपत्रांच्या भाषांतरात नावांचे स्पेलिंग एकसारखे कसे राखता?

तापीकाठ (जळगाव)

मी मराठी, हिंदी आणि गुजराती कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करते. आपला खानदेश तीन भाषांच्या आणि तीन उच्चारांच्या सांध्यावर वसलेला आहे, त्यामुळे एकच माणूस जळगावात Dnyaneshwar, बऱ्हाणपुरात Gyaneshwar आणि सुरतेत कधी Gnaneshwar असा लिहिला जातो. चौधरी, इंगळे, फेगडे, झोपे, वळवी या आडनावांचीही तीच गत आहे. व्हिसा, परदेशी शिक्षण, निर्यात किंवा वारसाहक्क यांपैकी कोणत्याही कामासाठी कागद भाषांतरित करून घेताना नावांच्या बाबतीत आपल्याला काय अनुभव आला आणि आपण तो गुंता कसा सोडवला, हे येथे सविस्तर लिहावे. स्पेलिंग जुळवणे आणि मूळ नोंद दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपला अनुभव त्यांपैकी कशाचा आहे हे स्पष्ट केले तर वाचणाऱ्याला उपयोग होईल.

पांझरा (धुळे)

ताई, यात एवढा विचार करण्यासारखे मला तरी काही दिसत नाही. मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करावे, 'वरील सर्व नावे माझीच असून मी एकच व्यक्ती आहे' असे त्यात लिहावे आणि नोटरीचा शिक्का घ्यावा. आमच्या घरातील बँकेची आणि गॅसची कामे अशीच झाली आहेत. फारच अडले तर राजपत्रात नाव छापून आणावे, म्हणजे मागचे सगळे कागद आपोआप दुरुस्त होतात.

उधनाकर (मूळ पारोळा, सध्या सुरत)

आमच्या प्रकरणात प्रतिज्ञापत्र जोडलेले असतानाही फाइल परत आली, म्हणून लिहितो. वडील पारोळ्याचे, नोकरी सुरतेत, आणि माझा जन्मही सुरतेतला. मध्यंतरी मी परदेशी असताना आईवडिलांना तेथे माझ्याकडे बोलवायचे होते, तेव्हा नाते सिद्ध करण्यासाठी माझा जन्मदाखला, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचा विवाहदाखला असे तीन कागद द्यायचे होते. जन्मदाखला गुजराती व इंग्रजीत होता आणि त्यावर वडिलांचे नाव Gyaneshwarbhai Trambakbhai Chaudhari असे छापलेले होते. शाळेचा दाखला केवळ मराठीत होता. ज्यांच्याकडून आधी भाषांतर करून घेतले त्यांनी शाळेच्या दाखल्यावर Jnaneshwar Tryambak Choudhary आणि विवाहदाखल्यावर Dnyaneshwar Trimbak Chaudhary लिहिले. पासपोर्टवरचे स्पेलिंग आणखी वेगळे होते. थोडक्यात, एका वडिलांचे चार वडील झाले. 'नमूद केलेली व्यक्ती वेगळी दिसते' असा शेरा आला. दुसऱ्यांदा काम धागाकर्त्या ताईंकडे नेले, तेव्हा ते मार्गी लागले. रीत त्यांनीच सांगावी.

तापीकाठ (जळगाव)

उधनाकरभाऊंची परवानगी घेऊन सांगते. येथे दिलेली नावे अर्थातच बदललेली आहेत.

भाषांतराला हात लावण्यापूर्वी मी सर्व कागद समोर मांडून नावांचा तक्ता करते. प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ असते, आणि त्या ओळीत प्रत्येक कागदावर नाव मूळ लिपीत कसे आहे, रोमनमध्ये काही छापलेले आहे का, आणि पासपोर्टवर काय आहे हे जसेच्या तसे उतरवते. पासपोर्टच्या फोटोच्या पानाखाली ज्या दोन ओळी यंत्राने वाचण्यासाठी असतात, त्यांतली पहिली मी आवर्जून पाहते:

```
P<INDCHAUDHARI<<DNYANESHWAR<TRYAMBAK<<<<<<<<
```

सुरुवातीचे P आणि IND सोडले, तर दुहेरी खुणेच्या आधीचा भाग आडनाव आणि नंतरचा भाग बाकीचे नाव असतो. नुसते पान वाचून न कळणारी एक गोष्ट येथे कळते, ती म्हणजे वडिलांचे नाव व्यक्तीच्या नावाला जोडलेले आहे, की पासपोर्टच्या त्या भागात ते आलेलेच नाही.

यानंतरचा निर्णय दोन प्रश्नांवर ठरतो. कागदावर रोमन स्पेलिंग छापलेले असेल, तर ते चुकीचे वाटले तरी मी त्याला हात लावत नाही, कारण तो मूळ मजकूर आहे. म्हणून Gyaneshwarbhai हे नाव भाषांतरातही तसेच राहिले. नाव केवळ देवनागरीत असेल, तर ते मी पासपोर्टप्रमाणे लिहिते आणि पहिल्या उल्लेखाला टीप देते की मूळ नाव देवनागरीत असून त्याचे रोमन रूप धारकाच्या अमुक क्रमांकाच्या पासपोर्टनुसार ठेवले आहे. ग्रंथालयात चालणारी, अक्षरांवर आडव्या रेघा देणारी शास्त्रीय पद्धत मी येथे वापरत नाही. पासपोर्टच्या त्या ओळीत केवळ A ते Z ही अक्षरे बसतात, आणि पडताळणारा अधिकारी नाव त्याच्याशीच ताडून पाहणार असतो.

या प्रकरणातला अवघड भाग ज्ञ नव्हता. शाळेच्या दाखल्यावर आजोबांचे नाव 'त्र्यंबक' होते आणि विवाहदाखल्यावर 'त्रिंबक'. ज्ञानेश्वर हे एकच देवनागरी नाव Dnyaneshwar किंवा Gyaneshwar होते तेव्हा तो लिपी बदलण्यातला फरक असतो, आणि पासपोर्टचा आधार घेऊन तो मला मिटवता येतो. परंतु देवनागरीतच दोन रूपे असतील तर तो नोंदीतला फरक आहे, आणि तो झाकण्याचा अधिकार भाषांतरकाराला नाही. म्हणून विवाहदाखल्यावर मी Trimbak असेच लिहिले आणि मूळ कागदात हेच रूप असल्याची टीप दिली. भाषांतर अचूक असल्याचे आपण स्वाक्षरीनिशी सांगत असतो. तेथे Tryambak लिहिले असते तर मूळ कागद वाचू शकणाऱ्या कोणाच्याही लगेच लक्षात आले असते, आणि मग बाकीच्या कागदांवरचा विश्वासही उडाला असता. एका व्यक्तीची दोन रूपे असल्याचे प्रतिज्ञापत्र येथे उपयोगी पडले, कारण आता ते नेमक्या एका फरकाबद्दल होते आणि त्यातली स्पेलिंग भाषांतरांशी अक्षरशः जुळत होती.

पांझरा (धुळे)

म्हणजे प्रतिज्ञापत्र लागलेच की! मी तेच म्हणत होतो.

वकीलवाडा (अमळनेर)

पांझराभाऊ, आपले म्हणणे निम्मे बरोबर आहे. प्रतिज्ञापत्र हे आपले स्वतःचे निवेदन असते. समोरचे कार्यालय ते ग्राह्य धरू शकते, पण त्याने मूळ नोंद बदलत नाही. राजपत्रातील प्रसिद्धीनेही मागचे कागद आपोआप दुरुस्त होत नाहीत. त्या प्रसिद्धीचा पुरावा घेऊन प्रत्येक कार्यालयात वेगळा अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक कार्यालयाचे नियम वेगळे असतात. जन्मनोंदीतील चूक 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम 15 खाली दुरुस्त होते, आणि तीही जेथे नोंद झाली त्या निबंधकाकडेच. सुरतेतल्या जन्माची दुरुस्ती पारोळ्यात होणार नाही. सातबाऱ्यावरील लेखनप्रमादासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 155 आहे, त्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करावा लागतो आणि सोबत जुना फेरफार काढून चूक कोठे शिरली ते दाखवावे लागते. आधारवरचे नाव बदलण्याची संधी आयुष्यात साधारणतः दोनदाच मिळते, त्यामुळे कोणते स्पेलिंग कायमचे ठेवायचे हे ठरवल्याशिवाय आधार केंद्रावर धाव घेऊ नये.

शुभांक७ (भुसावळ)

माझाही अनुभव नोंदवतो. अंकशास्त्राच्या सल्ल्यावरून मी नावात एक जादा A घातला आहे आणि दुकानाची पाटीही तशीच रंगवून घेतली आहे. पाटीसाठी मराठीतही दोन काने द्यावेत काय?

तापीकाठ (जळगाव)

भाऊ, पाटीचा विषय या धाग्याबाहेरचा आहे. मात्र तो जादा A पॅनवर नसेल आणि बँक खात्यावर असेल, तर भाषांतराच्या वेळी मी आपल्याकडून दोन्ही कागद मागेन.

केळीबाग (रावेर)

आमचा प्रश्न माणसाच्या नावाचा नसून पेढीच्या नावाचा होता. भागीदारीपत्र मराठीत, त्यात 'मे. श्री व्यंकटेश केला एजन्सी'. पॅन काढताना SHREE VYANKATESH KELA AGENCY असे झाले, आणि आयात-निर्यात क्रमांक पॅनवर आधारलेला असल्याने तेथेही तेच आले. बँकेत मात्र खाते उघडणाऱ्याने SHRI VENKATESH लिहिले होते. आखातातल्या खरेदीदाराने बँकेच्या हमीचे पतपत्र पॅनच्या नावावर काढले, बीजक त्याप्रमाणे झाले, पण भागीदारीपत्राच्या इंग्रजी भाषांतरात कोणीतरी उत्साहाने 'केला'चे Banana करून टाकले आणि 'मे.' हाही नावाचा भाग धरला. बँकेने कागदांवर हरकत घेतली. एका टंकनदोषाकडे बँक कदाचित काणाडोळा करील, परंतु Venkatesh आणि Vyankatesh या दोन वेगळ्या पेढ्या असू शकतात, हे तिचे म्हणणे आम्हाला खोडून काढता आले नाही. केळी तेरा-चौदा अंशांच्या कंटेनरमध्ये, आणि पैसे खरेदीदाराची संमती येईपर्यंत अडकलेले. केळी काही थांबत नाहीत. तेव्हापासून पॅनवरील नावाची एक ओळ आम्ही टंकून ठेवली आहे, आणि बीजक, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, उगम प्रमाणपत्र अशा सर्व ठिकाणी ती नव्याने न टंकता तेथूनच चिकटवतो. बँक खात्याचे नावही पॅनप्रमाणे करून घेतले.

वकीलवाडा (अमळनेर)

यात एक पुरवणी. एकट्या मालकाची पेढी असेल तर जीएसटी प्रमाणपत्रावर कायदेशीर नाव म्हणून मालकाचे स्वतःचे नाव येते आणि दुकानाचे नाव व्यापारी नाव म्हणून वेगळ्या रकान्यात असते. भाषांतर करताना या दोहोंची अदलाबदल झाली, तर करार भलत्याच नावाने झाल्यासारखा दिसतो.

केळीबाग (रावेर)

होय, आमच्या भावबंदांच्या एका पेढीत अगदी असेच झाले होते.

सातपुडा (अक्कलकुवा)

मी शिक्षक आहे. आमच्याकडे वळवी हे आडनाव Valvi, Walvi आणि Vadvi अशा तिन्ही तऱ्हांनी आढळते. शेवटचे रूप आधारच्या इंग्रजी नावावरून पुन्हा मराठीत येताना 'वडवी' होऊन बसते, कारण रोमन l आणि d यांवरून ळ ओळखण्याची सोय यंत्राला नाही. विद्यार्थ्यांच्या 'अपार' या शैक्षणिक ओळख क्रमांकासाठी शाळेची आणि आधारची नोंद जुळावी लागते, म्हणून आम्ही पालकांकडून आधी मराठी नाव लिहून घेतो. माझा प्रश्न निराळा आहे. जुन्या रजिस्टरात काही वडिलांचे नाव 'जिभाऊ' असे आहे. काही घरांत ते खरे नाव असते, काहींत केवळ हाक मारण्याचे. भाषांतरात Jibhau लिहून टीप द्यावी, की खरे नाव विचारून तेच लिहावे?

तापीकाठ (जळगाव)

सर, कागदावर जिभाऊ असेल तर Jibhau हेच लिहावे लागेल. खरे नाव टीपेत द्यावे किंवा नाही, याबद्दल आम्हा भाषांतरकारांमध्येच मतभेद आहेत. काहींच्या मते टीप कागदात नसलेली माहिती आणते, म्हणून तिची जागा प्रतिज्ञापत्रात आहे, आणि माझाही कल तिकडेच आहे. उधनाकरभाऊंच्या फाइलीतल्या 'भाई'बद्दल मात्र मी गुजराती नावांना भाई जोडण्याची रीत असल्याची टीप दिली होती, कारण ती त्या प्रांतातली सर्वसाधारण रीत होती, एका घरापुरती माहिती नव्हती.

आपण भाषांतरे संगणकावर करत असाल तर एक धोका सांगून ठेवते. जुन्या कामांची भाषांतरे साठवणारे सॉफ्टवेअर 'चौधरी' दिसताच मागच्या ग्राहकाचे Choudhary आपणहून भरते, आणि मजकूर वाचताना ते डोळ्यांना खटकत नाही. म्हणून फाइल पूर्ण झाल्यावर मी तक्त्यातले प्रत्येक नको असलेले स्पेलिंग, म्हणजे Choudh, Chaudhary, Jnan, Gnan, शोध-खिडकीत एकेक टाकून पाहते. Gyan जन्मदाखल्याच्या भाषांतरातच सापडले पाहिजे, अन्यत्र नको. शिक्क्यातला मजकूर, समासातली हस्ताक्षरातली नोंद आणि पानाच्या तळाशी असलेले नाव यांवर शेवटची नजर फिरवते, कारण ते भाग सर्वांत शेवटी टंकले जातात आणि तोवर तक्ता बाजूला गेलेला असतो.

उधनाकर (मूळ पारोळा, सध्या सुरत)

ताई, जन्मदाखल्यातला Trambakbhai आता सुरतेत दुरुस्त करून घ्यावा का, की मंजूर झालेल्या फाइलीला धक्का लागेल?

वकीलवाडा (अमळनेर)

मंजूर झालेल्या फाइलीत जो दाखला दिला आहे, त्याची सत्यप्रत जपून ठेवूनच अर्ज करावा. पुढच्या फाइलीत नवा दाखला लागला, तर जुना का बदलला हे विचारले जाण्याची शक्यता असते. दुरुस्तीचा आदेश सोबत असला म्हणजे उत्तर देता येते.