मायक्रोवेव्ह घूं करतो, प्लेट फिरते, पण अन्न थंडच. मॅग्नेट्रॉनच गेलाय का?

सायली_चेंबूर
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरी साधा सोलो मायक्रोवेव्ह आहे, ग्रिल वगैरे नाही, सात-आठ वर्षं जुना. या आठवड्यात अचानक गरम करणं थांबलं. दिवा लागतो, प्लेट फिरते, पंखा चालतो, वेळ संपली की बीपही वाजते, पण वरण ठेवलं तसं थंडगार बाहेर येतं. कपभर पाणी दोन मिनिटं ठेवून पाहिलं, कोमटसुद्धा झालं नाही.

आवाज मात्र बदललाय. पूर्वी बारीक गुणगुण असायची. आता स्टार्ट दाबल्या दाबल्या खर्जातला जाड घूंऽऽ येतो, ओट्यावर हात ठेवला तर थरथर जाणवते आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातला दिवा किंचित मंदावतो. एमसीबी पडत नाही, आतला फ्यूजही शाबूत असावा, कारण बाकी सगळं चालू आहे.

सर्व्हिसवाल्याने नुसता आवाज ऐकला, कव्हर काढलंच नाही, आणि मॅग्नेट्रॉन गेला, साडेतीन हजार होतील म्हणाला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे गॅसपुढे उभं राहता येत नाही, दुपारी आम्ही सगळे कामावर असताना त्या यातच जेवण गरम करतात. त्यामुळे लवकर काहीतरी ठरवायचंय. आवाजावरून मॅग्नेट्रॉनच असं खात्रीने सांगता येतं का?

नलिनीमावशी
सायली, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. प्लेटखालची छोटी मोटर बदलली आणि सुरू झाला. फार खर्च आला नाही.

सायली_चेंबूर
मावशी, माझी प्लेट व्यवस्थित फिरतेय. गरम मात्र काहीच होत नाही.

रोहन_डोंबिवली
ताई, मॅग्नेट्रॉन कशाला, डायोड असेल. माझ्याकडे मीटर डायोडच्या रेंजवर ठेवून दोन्ही बाजूंनी लावलं, काहीच दाखवलं नाही, म्हणजे डायोड ओपन. लॅमिंग्टन रोडवरून नवा आणला, किरकोळ पैशांत. तुम्हीही तोच बदला.

लालबाग_वर्कशॉप
रोहन, डायोडवर संशय घेतलास ते बरोबर, पण तुझी तपासणी चुकीची आहे. या डायोडच्या आत अनेक डायोड एकापाठी एक जोडलेले असतात. ते चालू व्हायलाच सहा-आठ व्होल्ट लागतात आणि साधं मीटर तेवढे देत नाही. त्यामुळे चांगला डायोडही दोन्ही बाजूंनी ओपनच दिसतो. मीटरवर पक्कं एवढंच कळतं की दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आकडा आला तर तो शॉर्ट आहे. ओपन आहे का बघायचं असेल तर नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक रेझिस्टर ओळीत लावून पाहतात. एका बाजूने करंट जातो, उलट्या बाजूने जात नाही, तर डायोड ठीक.

सायलीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. हा जाड घूं ट्रान्सफॉर्मरचा आहे, म्हणजे वीज तिथपर्यंत पोचतेय. दाराचे स्विच किंवा रिले गेला असता तर पंख्याचाच आवाज आला असता. खात्री करायची तर आत कपभर पाणी ठेवा, पॉवर सगळ्यात कमी करा आणि एकदाच मिनिटभर चालवा. घूं येतो-जातो, येतो-जातो असं झालं तर तो ट्रान्सफॉर्मरच.

आता पुढचं. डायोड आणि मॅग्नेट्रॉन सर्किटमध्ये एकमेकांना समांतर बसलेले असतात. डायोड शॉर्ट झाला काय किंवा मॅग्नेट्रॉन आतून बॉडीला चिकटला काय, ट्रान्सफॉर्मरला दिसतं एकच: पुढे फक्त कपॅसिटर उरलाय आणि पलीकडे सगळं जमिनीला टेकलंय. म्हणून दोघांचा आवाज सारखाच येतो. कपॅसिटर मध्ये उभा असल्याने करंट मर्यादेत राहतो आणि फ्यूज बहुधा वाचतो. कपॅसिटरच शॉर्ट झाला असता तर त्याला अडवणारं कोणी नाही, बहुतेक वेळा फ्यूज लगेच उडतो. तुमचा फ्यूज शाबूत आहे, म्हणून कपॅसिटर मी यादीत शेवटी ठेवीन.

यापैकी काही ओपन असतं, म्हणजे मॅग्नेट्रॉनचा फिलामेंट तुटला असता किंवा त्याचा कनेक्टर जळून सुटला असता, तर घूं वाढलाच नसता. नेहमीपेक्षा हलकाच आवाज आणि थंड अन्न, असं झालं असतं.

सायली_चेंबूर
कमी पॉवरवर आवाज खरंच येतो-जातो. काका, मग मी स्वतः उघडून बघू का? माझ्याकडे मीटर आहे.

लालबाग_वर्कशॉप
नको ताई, मनापासून सांगतो. ट्रान्सफॉर्मरचे दोन हजारांच्या वर व्होल्ट आहेत, कपॅसिटर आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनपर्यंत चार हजारांच्या आसपास नेतात. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहू शकतो. तो रिकामा व्हावा म्हणून आत रेझिस्टर असतो, पण तो तुटला तर बाहेरून कळत नाही. आमच्या धंद्यात हे हलक्यात घेणाऱ्यांचे हाल बघितलेत. कव्हर काढणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या, फक्त समोर उभ्या राहा.

त्याला सांगा, आधी प्लग काढ आणि कपॅसिटर डिस्चार्ज कर. मग मॅग्नेट्रॉनच्या दोन्ही वायरी काढून त्याच्या टर्मिनल आणि बॉडीमध्ये मीटर लाव. काहीच दाखवलं नाही पाहिजे. दोन टर्मिनलमध्ये मात्र एक ओहमपेक्षा कमी. मग डायोडचं एक टोक सोडवून दोन्ही बाजूंनी तपास. सर्किटमध्ये असताना मापलं तर दोघांपैकी कोण शॉर्ट आहे ते कळणारच नाही. काळ्या चुंबकाच्या कड्याला तडा गेलाय का तेही डोळ्यांनी बघायला सांगा.

एक सांगून ठेवतो, मीटरवर मॅग्नेट्रॉन ठीक दिसला तरी चार हजारांवर तो आतून फुटत असू शकतो. मीटरला ते दिसत नाही.

सायली_चेंबूर
अपडेट. आमच्या वाडीतल्या एका रिपेअरवाल्याला बोलावलं. काकांचा मजकूर फोनवर त्याला वाचून दाखवला, त्याने काही आढेवेढे न घेता तसंच केलं. मॅग्नेट्रॉनचं टर्मिनल ते बॉडी, काहीच नाही. फिलामेंट अर्ध्या ओहमच्या आसपास. डायोडचं जमिनीचं टोक सोडवलं आणि दोन्ही बाजूंनी आकडा जवळजवळ शून्य. डायोडवर बारीकशी भेगही दिसली. नवा लावला, घूं गेला, पाणी तापलं.

रोहन_डोंबिवली
वा! पण कपॅसिटरही बदलून टाकायला हवा होता ना? त्यानेच डायोड मारला असेल.

लालबाग_वर्कशॉप
ते कपॅसिटर बघितल्याशिवाय सांगता येत नाही. टर्मिनलमध्ये काही मेगओहम आले आणि बॉडीला काहीच नाही आलं, तर मी राहू देतो. फुगलेला किंवा तेल सुटलेलं असेल तर बदलतो.

माहीम_इलेक्ट्रिक
मी डायोडबरोबर कपॅसिटर नेहमीच बदलतो. गिऱ्हाइकाकडे पुन्हा जावं लागलं तर नाव आपलं खराब होतं.

सायली_चेंबूर
कपॅसिटर त्याने मोजला, नऊ-दहा मेगओहम आले, म्हणून ठेवला. एक शंका मात्र आहे, पूर्वीपेक्षा थोडा सावकाश तापतोय असं सासूबाई म्हणतात.

लालबाग_वर्कशॉप
त्यांचा अंदाज खरा असू शकतो. पाव लिटर साधं पाणी घ्या, फुल पॉवरवर बरोबर एक मिनिट ठेवा, ढवळून आधीचं आणि नंतरचं तापमान थर्मामीटरने बघा. सातशे वॅटच्या ओव्हनमध्ये पस्तीस-चाळीस अंश वाढायला हवेत. वीस-पंचवीसच्या पुढे जात नसेल तर मॅग्नेट्रॉन थकतोय असं समजा. आकडा इथे टाका.